थंड पाण्याच्या पाईपला घाम सुटतो तेव्हा: कोकणच्या दमट हवेत काय करावं

हर्णैजवळच्या एका खानावळीत मला बोलावलं होतं ते गळती काढायला. मागच्या पडवीत वॉटर कूलर, तिथून अर्ध्या इंची जीआय पाईप चिऱ्याच्या भिंतीतून स्वयंपाकघरात येतो, धान्याच्या फळीवरून पुढे सरकतो आणि जेवणाच्या खोलीत दोन नळांवर संपतो. एकूण वीस फूट. जुलैचे दिवस होते. फळीवरचे तांदळाचे डबे ओले, भिंतीवर गंजाचे ओघळ, आणि पाईप आत शिरतो तिथे चिरा काळपट पडलेला.

"अहो, एल्बो दोनदा बदलून झाला, सॉकेट बदलून झालं, तरी ठिबकतंच आहे. आता सगळी लाईनच बदलायची का?" मालकीणबाई विचारत होत्या.

लाईन बदलून काही उपयोग नव्हता, कारण पाईप गळतच नव्हता. बाहेरच्या हवेतली वाफ थंड पाईपवर येऊन पाणी होत होती. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला बाहेर पाणी सुटतं, तोच प्रकार. कोकणात हे काम नव्याने शिकणाऱ्यांकडून, आणि घरच्या घरी करू पाहणाऱ्यांकडूनही, त्याच त्या चुका होताना मी पाहतो, म्हणून हीच खानावळ धरून सगळं सांगतो.

आधी गळती की घाम, ते ठरवा

पाईप कोरड्या फडक्याने टोकापासून टोकापर्यंत पुसून घ्या आणि दहा मिनिटं नुसतं बघत उभे राहा. गळती असेल तर एका जागी थेंब धरेल, बहुतेक सांध्यावर, आणि तिथून ओघळेल. घाम असेल तर आधी पाईपच्या संपूर्ण अंगावर धुरकट पातळ थर येतो, मग बारीक बारीक दाणे उमटतात, ते एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि पाईपच्या पोटाखालून जिथे उतार असेल तिकडे धावतात. इथेच फसगत होते. थेंब पडतो एल्बोखाली, कारण पाणी वाहत तिथे येऊन अडतं. प्लंबर एल्बो बदलतो. खानावळीत दोनदा तेच झालं होतं.

तरी शंका उरली तर रात्री कूलर बंद करा, पण पाईपमध्ये पाणी भरलेलं राहू द्या. सकाळी पाईप कोरडा सापडला तर तो घाम. दाब तोच आहे, पाणी तेच आहे, फक्त थंडपणा गेला. गळती मात्र रात्रभर चालूच राहिली असती. खानावळीत सकाळी सहाला पाईप खडखडीत कोरडा होता.

नव्या माणसाने एक गोष्ट लक्षात ठेवावी. कोकणात साध्या पाण्याच्या पाईपला घाम क्वचितच सुटतो. आपल्या विहिरीचं पाणी बाराही महिने साधारण २६ ते २८ अंशांच्या आसपास असतं, आणि हवेतली वाफ पाणी व्हायला बहुतेक दिवस त्याहून थोडा जास्त थंडपणा लागतो. मेअखेरीस, पाऊस टेकायला आलेला असतो तेव्हा, नुकत्याच चालू केलेल्या पंपाच्या लोखंडी पाईपवर धुकं धरलेलं दिसेलही, पण तो थोडा वेळ. म्हणून साध्या पाण्याची लाईन पावसाळाभर ओली दिसत असेल तर आधी गळती किंवा भिंतीत मुरणारं पावसाचं पाणी शोधा. त्यावर रबर गुंडाळलंत तर खरा दोष झाकला जाईल. खरा घाम कूलरच्या थंड लाईनला, एसीच्या तांब्याच्या नळीला आणि एसीच्या निचऱ्याच्या पाईपला येतो.

आणखी एक. थेंब एखाद्या स्विचबोर्डावर किंवा वायरच्या जोडावर पडत असतील तर बाकी सगळं नंतर. आधी मेन स्विच बंद करा आणि बोर्ड हलवायची व्यवस्था करा.

हवा किती ओली आहे ते मोजा

घाम कधी सुटेल हे एका आकड्यावर ठरतं, तो म्हणजे दवबिंदू. हवा थंड करत गेलं की ज्या तापमानाला तिच्यातली वाफ पाणी होऊ लागते ते तापमान. वस्तूचा पृष्ठभाग याच्या खाली गेला की तिच्यावर पाणी धरतं, वर राहिला की कोरडा. बाकी सगळी मेहनत एवढ्याचसाठी असते.

दवबिंदू स्वयंपाकघरातही मोजता येतो. पातळ पत्र्याचं स्टीलचं फुलपात्र घ्या, त्यात साधं पाणी भरा, तापमापक बुडवा. बर्फाचे बारीक तुकडे एकेक टाकत हळू ढवळत राहा. बाहेरून फुलपात्राची चमक ज्या क्षणी मंदावते, बोट फिरवलं तर रेघ उमटते, त्या क्षणीचं तापमान वाचून घ्या. तोच दवबिंदू. तोंडाचा श्वास भांड्यावर जाऊ देऊ नका, नाहीतर आकडा खोटा येतो. आणि मोजायचं ते जिथे पाईप आहे तिथेच, पाईपच्या उंचीवर. ओट्यावर मोजलेला आकडा छताजवळच्या पाईपला लागू पडत नाही, कारण भाताची वाफ वर जाऊन साठते.

डिजिटल आर्द्रतामापकही चालतो, पण स्वस्त मापक ८५ टक्क्यांच्या वर भरवशाचे नसतात. तो पारखायचा सोपा उपाय आहे. बाटलीच्या झाकणात खायचं मीठ घ्या, त्यात चार थेंब पाणी घालून ओलसर करा, विरघळू देऊ नका. झाकण आणि मापक घट्ट डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी मापकाने ७५ टक्के दाखवायला हवेत. ८० दाखवले तर तुमचा मापक पाच जास्त दाखवतो, एवढं गृहीत धरून पुढे चला.

खानावळीत जेवणाच्या खोलीत हवा ३० अंश आणि आर्द्रता ८५ टक्के होती. याचा दवबिंदू येतो साधारण २७.२ अंश. कूलरमधून येणारं पाणी १२ अंश.

किती जाडीचं आवरण लागतं

आता हा हिशेब नीट पाहा, कारण दुकानात विचारलंत तर बहुतेक वेळा हाताला येईल ती नळी मिळते.

हवा ३० आणि पाणी १२, म्हणजे फरक १८ अंशांचा. आवरणाचा बाहेरचा पृष्ठभाग २७.२ च्या वर राहायला हवा, म्हणजे हवेपेक्षा तो फार तर २.८ अंशांनी थंड चालेल. १८ पैकी १५ अंशांहून जास्त फरक आवरणाने स्वतःच्या जाडीत सोसायचा आहे. आर्द्रता ९० टक्क्यांवर गेली की दवबिंदू २८.२ होतो आणि आपल्या हातात उरतो फक्त १.८ अंश. ९५ टक्के झाली तर एक अंशही उरत नाही. म्हणून प्रश्न उकाड्याचा नाही. पावसात हवा २८ अंशांवर उतरते, अंगाला गार लागतं, पण आर्द्रता ९० असली की हवा आणि दवबिंदू यांतलं अंतर तितकंच चिंचोळं राहतं आणि पाईप आधीसारखाच घामेजतो.

अर्धा इंची जीआय पाईप बाहेरून साधारण २१ मिमी असतो. त्यावर नायट्रिल रबराची काळी स्पंजसारखी नळी चढवली, आत १२ अंशांचं पाणी आणि बाहेर खानावळीतली ती हवा धरली, तर ९ मिमी जाडीला बाहेरचा पृष्ठभाग साधारण २५.५ अंशांवर राहतो. तो घामेजणारच. १३ मिमीला २६.८, म्हणजे अगदी थोडक्यात हुकतो, पण हुकतो. १९ मिमीला २७.९ येतो आणि पाईप कोरडा राहतो. आर्द्रता ९० झाली की १९ मिमीही पुरत नाही, २५ मिमी लागतं, आणि तेही काठावर पार होतं. ९५ टक्क्यांना चार सेंटिमीटरच्या वर जाडी लागते, म्हणजे पाईपपेक्षा आवरणच जाड. तसल्या हवेत नुसत्या आवरणावर विसंबू नका, पंखा आणि खाली पन्हळ हेच उपाय.

जुलै-ऑगस्टात आपल्याकडे ८५ ते ९० टक्के आर्द्रता रोजचीच. म्हणून कोकणात थंड पाण्याच्या लाईनला मी १३ मिमी सुचवत नाही. मोकळ्या, पंख्याच्या खोलीत १९, आणि स्वयंपाकघर, फॉल्स सीलिंग, बंद कपाट अशा कोंडलेल्या जागी २५.

जाडी वाढवण्याआधी मात्र कूलरचा थर्मोस्टॅट बघा. याच खानावळीत पाणी १२ ऐवजी १६ अंशांवर ठेवलं असतं तर ८५ टक्क्यांना १३ मिमी आवरणही पुरलं असतं. पावसाळ्यात बारा अंशांचं पाणी मागतं कोण? मालकीणबाईंना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "लोक तर साधं द्या म्हणतात." उन्हाळ्यात लावलेली खूण कुणी मागे फिरवलीच नव्हती. आम्ही ती १६ वर आणली, विजेचीही बचत झाली. तरी जाडी १९ आणि २५ हीच धरली, कारण मे महिन्यात खूण पुन्हा खाली जाणार हे उघड होतं.

दुसरा विचार लांबीचा. थंड पाईप जितका लांब तितका घामाला पृष्ठभाग जास्त. कूलर नळांजवळ हलवता आला तर निम्मं काम न करताच होतं. इथे जेवणाच्या खोलीत जागा नव्हती, म्हणून वीस फूट तसेच राहिले.

कुठलं आवरण घ्यायचं आणि कुठलं नाही

गोणपाट, सुतळी, जुनं धोतर, कापूस, यातलं काहीही नको. ही सगळी वाफ आत जाऊ देतात. वाफ कापडातून आरपार जाते, थंड पाईपला टेकते आणि तिथेच पाणी होते. कापड भिजतं, आणि भिजलेलं आवरण म्हणजे पाण्याचं आवरण. पाणी रबरी आवरणापेक्षा पंधरा-सोळा पट सहज उष्णता जाऊ देतं. वरून पाईप झाकलेला दिसतो, आत तो गंजत असतो. खाऱ्या वाऱ्याच्या पट्ट्यात तर जीआय पाईप अशा ओल्या फडक्याखाली झपाट्याने सडतो आणि कळतं ते आरपार भोक पडल्यावर. काचेच्या लोकरीचंही तेच, तिच्यावर अखंड वाफरोधी थर नसेल तर.

हवं ते बंद पेशींचं नायट्रिल रबर, एसीवाल्यांकडे मिळणारी काळी स्पंजसारखी नळी. तिचे बुडबुडे एकमेकांना जोडलेले नसतात, त्यामुळे वाफेला आत शिरायला वाट सापडत नाही. साध्या पांढऱ्या किंवा करड्या फोमच्या नळ्या स्वस्त असतात आणि बंद पेशींच्या असल्या तर चालतातही, पण त्यांची चीर नीट चिकटत नाही आणि वळणावर त्या उघडतात. दोन्हींच्या भावात वीस फुटांना फार मोठा फरक पडत नाही, म्हणून रबरच घ्यावं असं माझं मत.

चकचकीत चांदीचा कागद वरून लावलेली नळी दिसायला छान दिसते, पण घामाच्या कामाला ती उलटी पडते. काळा पृष्ठभाग भोवतालच्या भिंतींकडून उष्णता झेलतो आणि थोडा गरम राहतो. चमकदार पृष्ठभाग ती परतवतो, म्हणून तेवढ्याच जाडीला तो एखाद-दीड अंशाने जास्त थंड राहतो. १९ मिमीला काळ्या नळीवर जो पाईप कोरडा राहिला असता तो चांदीच्या कागदाखाली घामेजू शकतो. घराबाहेर उन्हात असलेल्या भागाला मात्र काहीतरी झाकण हवंच, कारण उन्हाने रबर कडक होऊन तडकतं. तिथे रबराला चालणारा रंग द्या किंवा पीव्हीसीच्या मोठ्या पाईपमधून लाईन न्या.

नळीचा आतला व्यास पाईपच्या बाहेरच्या व्यासाला बेताचा हवा. अर्ध्या इंची जीआयला २२ मिमीची नळी. ढिली नळी घेतली तर मधल्या पोकळीत दमट हवा फिरत राहते.

काम करताना

शक्य असेल तर काम एप्रिल-मेच्या कोरड्या दुपारी करा. पाऊस पडत असताना गोंद लावला की त्यातला द्रव उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि गोंदावरच दव धरतं. जोड चिकटल्यासारखा दिसतो आणि आठ दिवसांत सुटतो. आम्हाला जुलैतच करावं लागलं, म्हणून दोन पंखे लावून, स्वयंपाक बंद ठेवून, दुपारी तीन ते सहा या वेळात केलं. गोंद पेट घेणारा असतो, तेव्हा जवळ चूल, गॅस, उदबत्ती काहीही पेटतं नको आणि खिडक्या उघड्या हव्यात.

आदल्या रात्री कूलर बंद. सकाळी पाईप पुसून, तारेच्या ब्रशने गंज खरवडून, रेड ऑक्साइडचा हात दिला आणि तो पूर्ण वाळू दिला. ओल्या पाईपवर आवरण चढवणं ही सगळ्यात महागात पडणारी घाई आहे. आत कोंडलेलं पाणी परत बाहेर येत नाही.

सहा फुटी नळ्या पाईपला चढवायच्या तर लांबीने चिरून घ्याव्या लागतात, कारण पाईप जागेवर बसलेला आहे. चीर धारदार सुरीने एकाच सरळ ओढीत घ्या. करवतीसारखी मागे-पुढे सुरी फिरवली की कड दातेरी होते आणि गोंदात बारीक वाटा राहतात. सुरीवर पाण्याचा हात फिरवला तर रबर सहज कापलं जातं, फक्त नंतर कड कोरडी पुसा. चीर पाईपच्या बाजूला ठेवा, म्हणजे छतावरून ठिबकलेलं पाणी तिच्यात शिरत नाही आणि पुढे तपासायलाही ती डोळ्यासमोर राहते.

चिरीच्या दोन्ही कडांना रबराचा गोंद पातळ लावायचा आणि थांबायचं. पाच-दहा मिनिटांनी बोट लावून पाहा. गोंद बोटाला ओढ देतो पण चिकटून येत नाही, तेव्हा तो तयार. ओला असतानाच दाबला तर द्रव आत अडकतो आणि जोड कधीच पक्का होत नाही. आधी दोन टोकं दाबा, मग मध्य, मग उरलेल्याचे मध्य, आणि शेवटी अंगठ्याने सगळी चीर आवळत जा. टोकाकडून सरळ दाबत गेलं की रबर ताणलं जातं आणि शेवटी एक सुरकुती उरते.

दोन नळ्या जिथे भेटतात तिथेही तोंडांना गोंद. नळी मापापेक्षा सेंटिमीटरभर लांब कापा आणि दाबून बसवा, कारण रबर पुढे आकसतं आणि ताणून बसवलेला जोड हमखास उघडतो. काळी चिकटपट्टी हवी तर जोडावरून फिरवा, पण ती गोंदाऐवजी नको. पट्टी दमट हवेत दोन पावसाळ्यांत सुटते. प्लास्टिकच्या बेल्टने नळी आवळणंही टाळा. जिथे आवळलं तिथे जाडी निम्मी होते आणि नेमका तिथूनच थेंब पडतो.

एल्बोला नळी वाकवून नेऊ नका. दोन तुकडे ४५ अंशांत तिरके कापून काटकोन जुळवा, आणि एल्बोची जाडी पाईपपेक्षा जास्त असल्याने आतून थोडं रबर खरवडून जागा करा. व्हॉल्वला रबराच्या सपाट पट्टीचा डबा बनवावा लागतो. फक्त हँडल बाहेर ठेवा.

प्रत्येक नळीच्या टोकाला आवरण पाईपलाच गोंदाने चिकटवा. या बांधासारख्या जोडामुळे एखाद्या ठिकाणी वाफ शिरलीच तर ती वीस फूट पसरत नाही, त्या सहा फुटांत अडते. मात्र लाईन सीपीव्हीसीची असेल तर गोंद पाईपला लावू नका. त्यातल्या द्रवाने तसला पाईप कालांतराने तडकू शकतो. तिथे फक्त रबर रबराला चिकटवा, आणि पाईप बनवणारे कुठला गोंद व कुठलं रबर चालतं म्हणून सांगतात ते विचारून घ्या.

चुकतं ते क्लॅम्पवर आणि भिंतीत

वीस फुटांचं आवरण नीट झालं तरी पाच क्लॅम्पांवर काम फसू शकतं. लोखंडी क्लॅम्प थेट पाईपला धरून असेल तर तो स्वतः थंड होतो आणि त्याच्यावरच घाम येतो. बहुतेक माणसं क्लॅम्पच्या अलीकडे-पलीकडे रबर कापून जागा सोडतात. पाच क्लॅम्प म्हणजे मग पाच थेंब.

आम्ही जुने क्लॅम्प काढले, नळी सलग नेली आणि तिच्या बाहेरून बसतील असे मोठे क्लॅम्प लावले. रबर चेपू नये म्हणून क्लॅम्प आणि रबर यांच्यामध्ये चार इंच रुंद पत्र्याची अर्धगोल पट्टी ठेवली, म्हणजे वजन पसरतं. अर्ध्या इंची पाईपला एवढं पुरतं. एक इंचाच्या वरचा, वजनदार पाईप असेल तर पाईपला घट्ट बसणारा दोन फाळ्यांचा लाकडी गुटका, आवरणाइतक्याच जाडीचा, रंग दिलेला, आणि त्यावर क्लॅम्प. गुटक्याच्या दोन्ही बाजूंना रबर गोंदाने चिकटवायचं.

भिंतीचं भोक हे दुसरं ठिकाण. आधीचा पाईप चिऱ्यात उघडाच गाडलेला होता, म्हणून चिरा काळा पडला होता. जांभा सच्छिद्र, त्याच्यात मुरलेली ओल पावसाळाभर वाळत नाही. भोक सव्वातीन इंचांपर्यंत मोठं केलं, २५ मिमीची नळी भिंतीतून सलग पार नेली आणि उरलेली फट बाहेरून सीलंटने बुजवली, आतून नुसती चुन्याने. चिरा तासायला वेळ लागत नाही, तासाभराचं काम.

शेवटचे नळ. धातूचा नळ झाकता येत नाही, तो घामेजणारच. त्याच्या मागे आवरणाचं टोक पाईपला चिकटवून बंद केलं आणि नळाखाली निचऱ्याची पन्हळ ठेवली. तेवढ्या पाण्याशी भांडत बसू नये.

काम झाल्यावर गोंद मुरायला पुरता एक दिवस द्या. लगेच थंड पाणी सोडलं तर कच्च्या जोडांतून वाफ आत ओढली जाते.

हवेचा उपाय

खिडक्या उघडा म्हणजे ओल जाईल, हा सल्ला कोकणातल्या पावसाळ्यात या कामाला लागू पडत नाही, कारण बाहेरची हवा आतल्याइतकीच ओली असते. अपवाद स्वयंपाकघराचा. भाताचं तपेलं उकळत असताना आतली हवा बाहेरच्यापेक्षा ओली होते, तेव्हा धूर ओढणारा पंखा चालू ठेवल्याने फरक पडतो. फळीजवळ फुलपात्राने मोजलं तर दवबिंदू जेवणाच्या खोलीपेक्षा एका अंशाने वर आला होता. म्हणूनच तेवढ्या आठ फुटांना २५ मिमी दिलं, आणि उरलेल्या बारा फुटांपैकी भिंतीतला भाग सोडून बाकीच्यांना १९.

छताचा पंखा दवबिंदू खाली आणत नाही, पण हलती हवा आवरणाला सतत आपली ऊब देत राहते आणि पृष्ठभाग हवेच्या तापमानाजवळ राहतो. याउलट फॉल्स सीलिंगमध्ये हवा थांबते, तिथे तेवढीच जाडी कमी पडते.

नंतर काय बघायचं

पहिल्या पावसात आठवड्यातून एकदा हात फिरवा. सबंध पृष्ठभागावर धुकं दिसत असेल तर जाडी कमी पडते आहे किंवा हवा कोंडली आहे. एकाच जागी थेंब पडत असेल तर तिथला जोड उघडला आहे. सगळ्यात फसवं लक्षण म्हणजे वरून कोरडी पण हाताला जड, थंड लागणारी नळी: आत पाणी साठलं आहे. तपासायला टोचून भोक पाडू नका, ते भोकच वाफेची वाट होतं. पाईपच्या सगळ्यात खालच्या ठिकाणची चीर उघडून पाहा. आत ओल सापडली तर तो सहा फुटांचा तुकडा काढून टाका, पाईप वाळवा, नवा लावा. भिजलेलं रबर बांधून ठेवल्याने कोरडं होत नाही.

खानावळीत ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात एक थेंब सापडला, भिंतीच्या आतल्या बाजूला, एल्बोच्या ४५ अंशांच्या जोडावर. एका कडेला गोंद लागायचाच राहिला होता. कूलर रात्री बंद ठेवून, जोड पंख्याने वाळवून, पुन्हा गोंद लावला. फळीवरचे डबे त्यानंतर कोरडे राहिले. चिरा मात्र दिवाळीपर्यंत ओलसर होता, त्याला वाळायला तेवढा वेळ लागतोच.